साठामोजणीचे पत्रक : तफावत किती आणि कशामुळे

साठामोजणीचे पत्रक म्हणजे दुकानात किंवा गोदामात प्रत्यक्ष असलेला माल आणि हिशेबानुसार असायला हवा तो माल यांची समोरासमोर मांडणी. संगणकातला आकडा हा केवळ हिशेब असतो. आरंभीच्या साठ्यात खरेदी मिळवायची, विक्री आणि परत गेलेला माल वजा करायचा, की उरलेली संख्या संगणक दाखवतो. फळीवर काय आहे हे त्याला दिसत नाही. मोजलेला आकडा हातात आला की दोहोंतला फरक कळतो. त्याला तफावत म्हणतात आणि ती काढायची रीत ठरलेली आहे :

तफावत = मोजलेला साठा − संगणकातील साठा

उत्तर ऋण आले तर तूट, धन आले तर वाढ. वजाबाकी एवढी सोपी असली तरी पत्रकाचे खरे काम तिच्यापुढे सुरू होते. आठ नगांची तूट चोरीमुळे असू शकते, चुकीच्या बिलामुळे असू शकते किंवा मोजणाऱ्याच्या नजरेतून सुटलेल्या एका खोक्यामुळेही असू शकते. तिन्हींचा आकडा सारखाच आणि दुरुस्ती मात्र तीन तऱ्हांची. म्हणून पत्रकात तफावतीच्या शेजारी कारणाचा रकाना असतो, आणि तो भरल्याशिवाय पत्रक पूर्ण झाले असे मानत नाहीत.

मोजणीपूर्वीची तयारी

बहुतेक दुकानदार ३१ मार्चला, आर्थिक वर्षाच्या अखेरीस, साठा मोजतात. मोजणी चालू असताना माल हलला तर आकड्यांना अर्थ उरत नाही. म्हणून दुकान बंद झाल्यावर किंवा उघडण्यापूर्वी मोजतात आणि मोजणी संपेपर्यंत आवक-जावक थांबवतात. सुरुवात करण्याआधी शेवटच्या विक्री-बिलाचा क्रमांक आणि शेवटच्या आवक चलनाचा क्रमांक पत्रकावर लिहून ठेवतात. संगणकातला साठा नेमका कोणत्या क्षणाचा घ्यायचा, हे या दोन क्रमांकांवरून ठरते. पुढे एखादी तफावत शोधताना पहिला धागा बहुधा येथेच सापडतो.

दुसरी गोष्ट जागांची. काउंटर, मागची खोली, माळा, गोदाम, परत पाठवायच्या मालाचे खोके अशा सर्व जागांची यादी आधी करून प्रत्येक जागेला वेगळे पत्रक देतात. पत्रकांना छापील अनुक्रमांक असतात. किती दिली आणि किती परत आली हे जुळले नाही, तर एखाद्या खोलीचा मालच हिशेबातून सुटलेला असू शकतो.

मोजणाऱ्याच्या हातातल्या पत्रकावर संगणकातील आकडा छापलेला नसावा. समोर ९६ लिहिलेले दिसले की ९४ मोजलेल्या माणसाला आपलेच चुकले असे वाटते आणि तो ९६ लिहून मोकळा होतो. त्याच्या पत्रकात मालाचे नाव, एकक, जागा आणि मोजलेल्या संख्येसाठी कोरी चौकट एवढेच ठेवतात. दोघांची जोडी असते : एक मोजून मोठ्याने सांगतो, दुसरा लिहितो. मोजून झालेल्या फळीला खडूची खूण करतात. माल नसेल तेथे चौकट कोरी न सोडता शून्य लिहितात, कारण कोऱ्या चौकटीवरून माल नाही की मोजायचा राहिला हे कळत नाही. आकडा चुकला तर तो वाचता येईल असा आडवा खोडून शेजारी नवा लिहितात आणि तेथे सही करतात.

संगणकातील साठ्याचा रकाना या सगळ्यानंतर, कार्यालयात जोडला जातो. तेव्हा खऱ्या अर्थाने तुलनेचे पत्रक तयार होते.

एक नमुना पत्रक

तालुक्याच्या ठिकाणचे, घाऊक आणि किरकोळ दोन्ही विक्री करणारे एक किराणा दुकान नमुन्यादाखल घेऊ. बिले संगणकावर होतात, मागे छोटे गोदाम आहे आणि मागची मोजणी एक वर्षापूर्वीची आहे. शेकडो ओळींपैकी ज्यांत फरक आला अशा नऊ ओळी खाली दिल्या आहेत. दर खरेदीचे आहेत. तफावत विक्रीच्या दराने मोजली तर तिच्यात न मिळालेला नफाही मिसळतो.

| क्र. | माल | एकक | संगणकातील | मोजलेला | तफावत | दर (₹) | किंमत (₹) |
|---|---|---|---|---|---|---|---|
| १ | अंगाचा साबण | नग | ४१२ | ३६४ | −४८ | २८ | −१,३४४ |
| २ | चहा २५० ग्रॅम, लाल पाकीट | नग | ९६ | ८२ | −१४ | ११८ | −१,६५२ |
| ३ | चहा २५० ग्रॅम, हिरवे पाकीट | नग | ४१ | ५५ | +१४ | ११२ | +१,५६८ |
| ४ | साखर | किलो | १,१२० | १,११०.५ | −९.५ | ४२ | −३९९ |
| ५ | सोयाबीन तेल, १५ किलोचा डबा | डबा | ३४ | ४० | +६ | २,०५० | +१२,३०० |
| ६ | बिस्किटे | पुडा | १८० | १५६ | −२४ | १८ | −४३२ |
| ७ | जिरे, सुटे | किलो | २५ | १६ | −९ | २८० | −२,५२० |
| ८ | जिरे, १०० ग्रॅम पाकीट | नग | −३२ | ५८ | +९० | २८ | +२,५२० |
| ९ | दाढीच्या ब्लेडचे पाकीट | नग | ४० | ३३ | −७ | ३१० | −२,१७० |
| | एकूण | | | | | | +७,८७१ |

बेरीज पाहिली तर दुकानात हिशेबापेक्षा ७,८७१ रुपयांचा माल जास्त आहे. येथेच थांबून संगणकातील आकडे मोजलेल्या आकड्यांप्रमाणे बदलून टाकले, तर दुकानदाराला तूट नाही, उलट थोडा फायदाच झाला, असे वाटेल. ही बेरीज किती फसवी आहे ते एकेक ओळ उलगडल्यावर दिसते. तूट आणि वाढ एकमेकींना खाऊन टाकतात. धन-ऋण चिन्हे बाजूला ठेवून याच नऊ किमती मिळवल्या तर २४,९०५ रुपये होतात, म्हणजे एवढ्या रकमेच्या नोंदींना उत्तर हवे आहे.

आधी फेरमोजणी

कारण शोधण्यापूर्वी मोजणीच चुकली नाही ना, हे पाहायचे असते. सगळा माल पुन्हा मोजणे परवडत नाही, म्हणून दुकान आपली मर्यादा आधीच ठरवते : तफावत ठरावीक रकमेच्या वर गेली, किंवा साठ्याच्या ठरावीक टक्क्यांहून अधिक झाली, तर ती ओळ दुसऱ्या जोडीने मोजायची. दोन्ही कसोट्या लागतात. केवळ टक्के पाहिले तर महाग मालातली छोटी तूट निसटते, आणि केवळ रुपये पाहिले तर स्वस्त मालातला मोठा घोळ नजरेआड होतो.

नमुन्यातल्या नवव्या ओळीत ब्लेडची पाकिटे पहिल्या मोजणीत ३१ भरली होती. दुसऱ्या जोडीला आणखी दोन पाकिटे मागच्या आकड्यावर लटकलेली सापडली, म्हणून तेथे ३३ लिहिले गेले. पहिला आकडा खोडून शेजारी ठेवला जातो, पुसला जात नाही. फेरमोजणीतही फरक कायम राहिला, तरच कागदपत्रे उघडायची.

एककाचा घोटाळा : साबण

साबण ४८ नगांनी कमी आहे. आकडा नीट पाहिला तर तो १२ च्या पटीत बसतो, आणि खोक्यांनी येणाऱ्या मालात अशी पट दिसली की संशय पॅकिंगवर जातो. खरेदीची बिले तपासल्यावर कळते की आधी एका खोक्यात ७२ नग येत होते आणि नव्या खेपेच्या चार खोक्यांत ६० च आले. संगणकात ‘एक खोके म्हणजे ७२ नग’ हे गणित पक्के बसवलेले असल्याने त्याने चार खोक्यांचे २८८ नग धरले. आले होते २४०. फरक बरोबर ४८ चा.

पुरवठादाराच्या बिलात मात्र २४० नग आणि त्यांचेच ६,७२० रुपये लिहिले आहेत. म्हणजे पैसे जास्त गेले नाहीत आणि मालही गेला नाही. फक्त आवक नोंद चुकली. दुरुस्ती त्या खरेदी-नोंदीतच करायची : नग २४० करायचे, रक्कम तीच ठेवायची. नोंद चुकीची असेपर्यंत संगणक प्रत्येक साबणाचा खरेदी दर २३ रुपये ३३ पैसे धरत होता आणि त्यावरचा नफा फुगवून दाखवत होता, हेही सोबत सुधारते. बिलात २८८ नगांचे पैसे लावलेले असते, तर हीच ओळ पुरवठादाराकडे मागणी करण्याची झाली असती.

जुळ्या वस्तू : चहा

लाल पाकीट १४ ने कमी, हिरवे १४ ने जास्त. शेजारी ठेवल्या जाणाऱ्या, दिसायला सारख्या दोन वस्तूंत समान आणि उलट फरक आला, की एकीची विक्री दुसरीच्या नावावर चढली असण्याची शक्यता सर्वांत मोठी असते. मोजणाऱ्यांनीच पाकिटांची सरमिसळ केली असेल ही शंका फेरमोजणीत फिटलेली आहे.

विक्रीची यादी काढली की खूण पटते : हिरव्या पाकिटाची विक्री एका महिन्यात अचानक वाढलेली आणि त्याच महिन्यात लाल पाकिटाची तेवढीच घटलेली. लाल पाकिटाच्या वेष्टनावरचा बारकोड सुरकुतलेला असल्याने तो यंत्रावर वाचला जात नव्हता, आणि बिल करणारा शेजारचे हिरवे पाकीट उचलून त्याचाच कोड लावत होता. दोन्ही ओळी एकत्र पाहिल्या तर नगांची तूट शून्य आहे. पण गेले ते महागडे पाकीट आणि हिशेबात उतरले स्वस्त. त्यामुळे १,६५२ आणि १,५६८ यांतला ८४ रुपयांचा फरक खराच आहे, आणि ग्राहकाकडूनही कमी दराने पैसे घेतले गेले आहेत. साठ्यात दोन्ही वस्तूंची संख्या दुरुस्त करायची आणि लाल पाकिटावर वाचता येईल असे लेबल लावायचे. लेबल लावले नाही तर पुढच्या मोजणीत हीच जोडी पुन्हा समोर येईल.

सुटे करण्यातली घट : साखर

साखरेची मोजणी तीन भागांत झाली. बंद पोती १८, म्हणजे ९०० किलो. एक किलोची तयार पाकिटे १९६. आणि उघड्या पोत्यात १४.५ किलो. उघडे पोते वजन करताना रिकाम्या बारदानाचे वजन वजा करावे लागते. ताग्याचे पोते सुमारे अर्ध्या किलोचे असते, आणि ते विसरले तर साखर तेवढी जास्त भरते.

साडेनऊ किलोची तूट मोठी की छोटी, हे आज शिल्लक असलेल्या साखरेशी तुलना करून ठरत नाही. घट होते ती पोते फोडून पाकिटे भरताना, म्हणून तुलना फोडलेल्या मालाशी करायची. वर्षभरात ५० किलोची ३८ पोती, म्हणजे १,९०० किलो साखर सुटी झाली. त्यावर ९.५ किलो म्हणजे अर्धा टक्का.

एवढ्यावर ‘घट’ लिहून ओळ बंद करता येत नाही, कारण घट हे नाव कोणत्याही तुटीवर पांघरता येते. म्हणून वीस तयार पाकिटे रिकाम्या पिशवीचे वजन वजा करून तोलली. सरासरी भरली १,००४ ग्रॅम. वजन कमी भरले तर वैधमापनाच्या नियमांत अडचण येते, म्हणून भरणारा थोडे झुकते माप देतो. १,९०० पाकिटांवर प्रत्येकी ४ ग्रॅम म्हणजे ७.६ किलो. उरले १.९ किलो, म्हणजे पोत्यामागे ५० ग्रॅम, जे सांडण्यात आणि बारदानाला चिकटून जाते. हिशेब जुळला. ही खरी घट आहे, ३९९ रुपयांची. पाकिटे अधिक नेमकी भरली तर तिचा मोठा भाग वाचू शकतो, हेही याच तपासातून कळते. उलट, तोललेली पाकिटे नेमक्या वजनाची निघाली असती, तर साडेसात किलोंचे कारण अन्यत्र शोधावे लागले असते.

वाढीच्या पोटात तूट : तेल

तेलाचे डबे सहा जास्त आहेत. वाढीकडे दुर्लक्ष करण्याची सवय सर्वत्र असते, कारण माल जास्त आहे म्हणजे नुकसान नाही असे वाटते. प्रत्यक्षात माल हवेतून येत नाही. जास्तीचा माल म्हणजे कोणता तरी कागद नोंदायचा राहिला आहे.

आवक वहीत ३१ मार्चच्या संध्याकाळची १० डब्यांची नोंद आहे. माल चलनावर उतरवून घेतला, बिल पुरवठादाराकडून यायचे होते, म्हणून संगणकात खरेदी चढली नाही. मग वाढ दहाची हवी होती, सहाचीच का? उरलेले चार डबे उधारीच्या वहीत मिळाले. एका खानावळीला ते चिठ्ठीवर दिले होते आणि बिल करायचे राहून गेले होते.

दोन्ही नोंदी केल्या की हिशेब असा बसतो : ३४ अधिक १०, म्हणजे ४४. वजा ४, म्हणजे ४०. फळीवरही ४० च. पण यातून निघालेले अर्थ दोन आहेत. १० डब्यांचे २०,५०० रुपये हा फायदा नसून पुरवठादाराला द्यायचे देणे आहे, आणि ते त्याच वर्षाच्या हिशेबात दिसले पाहिजे. चार डब्यांचे पैसे खानावळीकडून येणे आहेत, आणि मोजणी झाली नसती तर ते मागायचेच राहिले असते. एकाच ओळीत दोन विरुद्ध चुका अशा लपलेल्या असतात. म्हणून एक कारण सापडले तरी त्याने संपूर्ण आकडा भरून निघतो का, हे तपासायचे.

याची उलट बाजूही वर्षअखेरीस वारंवार दिसते. ग्राहकाच्या नावाने बिल झाले आहे, पैसेही आले आहेत, पण माल न्यायला तो उद्या येणार आहे. असा माल दुकानात असला तरी दुकानाचा नाही. तो मोजणीआधीच बाजूला काढून त्यावर चिठ्ठी लावतात.

परतीचा माल : बिस्किटे

बिस्किटांचे २४ पुडे कमी आहेत. परत पाठवायच्या मालाच्या खोक्यात मुदत संपलेले १५ पुडे सापडतात. ते विकण्याजोगे नाहीत म्हणून फळीवरून काढले, पण संगणकात त्यांची जागा बदलली नाही. उरलेले ९ कंपनीचा माणूस मागच्या फेरीत बदलीसाठी घेऊन गेला. त्याने वहीत सही केली आहे, परंतु त्याबद्दलची क्रेडिट नोट अजून आलेली नाही.

येथे माल हरवलेला नसून त्याची अवस्था बदलली आहे. १५ पुडे विक्रीच्या साठ्यातून काढून परतीच्या साठ्यात घालायचे, ९ पुडे कंपनीकडून येणे म्हणून दाखवायचे. कंपनीने मुदत संपलेला माल परत घेण्याचे मान्य केले असेल तोपर्यंतच हे ४३२ रुपये सुरक्षित आहेत. तिने नकार दिला तर तो तोटा ठरेल. म्हणून अशी ओळ बंद न करता ‘क्रेडिट नोट बाकी’ असा शेरा मारून उघडी ठेवतात.

उणे साठा : जिरे

जिऱ्याच्या पाकिटांचा संगणकातील साठा उणे ३२ आहे. फळीवर उणे काही असू शकत नाही. उणे आकड्याचा अर्थ एवढाच की आवक न नोंदवता जावक नोंदली गेली. अशा ओळी शोधायला मोजणीची वाट पाहावी लागत नाही. महिन्यातून एकदा उणे साठ्याची यादी काढली तरी त्या सापडतात.

सुट्या जिऱ्यात ९ किलोची तूट आहे, पाकिटांत ९० ची वाढ. शंभर ग्रॅमची ९० पाकिटे म्हणजे ९ किलोच. दुकानातच सुटे जिरे पाकिटांत भरले गेले, पाकिटे विकली जाऊ लागली, पण भरल्याची नोंद झाली नाही. ती नोंद केल्याबरोबर दोन्ही ओळी जुळतात. चहाच्या जोडीसारखीच ही जोडी दिसत असली तरी कारण वेगळे आहे : तेथे विक्री चुकीच्या नावावर गेली, येथे रूपांतराची नोंदच झाली नाही. म्हणून दुरुस्तीही बिल करणाऱ्याकडे न जाता पाकिटे भरणाऱ्याकडे जाते. भरायला घेतलेले किलो आणि तयार झालेली पाकिटे त्याने रोज लिहून द्यायची.

कारण सापडले नाही : ब्लेड

ब्लेडची सात पाकिटे कमी आहेत. वस्तू लहान, महाग, खिशात मावणारी. चोरीचा संशय पहिल्यांदा येतो, पण पत्रकात संशय लिहीत नाहीत. आधीच्या ओळींत वापरलेल्या सर्व वाटा येथे तपासल्या गेल्या : फेरमोजणी झाली, पॅकिंगचे गणित बरोबर आहे, शेजारच्या कुठल्याही वस्तूत वाढ नाही, बिल न झालेली उधारी नाही, परतीच्या खोक्यात काही नाही. मग कारणाच्या रकान्यात ‘कारण सापडले नाही’ असेच लिहायचे आणि काय काय तपासले ते शेजारी नोंदवायचे. पुढच्या मोजणीत याच वस्तूत पुन्हा तूट आली, तर या नोंदीवरून तिला वळण आहे हे लक्षात येईल. दरम्यान ब्लेड काउंटरच्या मागे ठेवायचे आणि त्यांची मोजणी वर्षाऐवजी दर आठवड्याला करायची.

या २,१७० रुपयांचा माल साठ्यातून निर्लेखित करावा लागतो. त्याला कराची बाजूही आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम १७(५) नुसार हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा निर्लेखित केलेल्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. खरेदीच्या वेळी ते घेतलेले असेल तर परत करावे लागते. त्या कायद्याखालील नियम ५६ नुसार साठ्याच्या हिशेबात अशा मालाची नोंदही ठेवावी लागते. कारणाचा रकाना कोरा ठेवून सगळी तूट एकगठ्ठा निर्लेखित केली, तर जो माल हरवलेलाच नाही त्यावरचेही क्रेडिट सोडून देण्याची वेळ येते.

कारणांसह पूर्ण झालेले पत्रक

| माल | तफावत | कारण | दुरुस्ती | खरा तोटा (₹) |
|---|---|---|---|---|
| साबण | −४८ | खोक्यात ७२ ऐवजी ६० नग | खरेदी नोंद सुधारणे | ० |
| चहा, लाल व हिरवा | −१४, +१४ | चुकीचा बारकोड लावला | दोन्ही साठे सुधारणे, नवे लेबल | ८४ |
| साखर | −९.५ | पाकिटे भरतानाची घट | घट नोंदवणे | ३९९ |
| तेल | +६ | १० डब्यांची खरेदी व ४ डब्यांची विक्री नोंदायची राहिली | दोन्ही नोंदी करणे | ० |
| बिस्किटे | −२४ | १५ परतीच्या खोक्यात, ९ कंपनीकडे | जागा बदलणे, क्रेडिट नोट मागणे | ० (बाकी) |
| जिरे, सुटे व पाकीट | −९, +९० | पाकिटे भरल्याची नोंद नाही | रूपांतराची नोंद करणे | ० |
| ब्लेड | −७ | कारण सापडले नाही | निर्लेखन, क्रेडिट परत | २,१७० |
| एकूण | | | | २,६५३ |

पहिल्या पत्रकाने ७,८७१ रुपयांची वाढ दाखवली होती. कारणे लागल्यावर उरली ती २,६५३ रुपयांची तूट, आणि तिच्यातला मोठा वाटा एकाच ओळीचा. ब्लेडच्या पाकिटांवरचे जे क्रेडिट परत करावे लागेल त्याची भर यात वेगळी पडते.

दुरुस्ती मूळ नोंदीत का करायची, हे तेलाच्या ओळीवरून स्पष्ट होते. टॅलीत `Physical Stock` नावाचे व्हाउचर असते. त्यात मोजलेला आकडा भरला की संगणकातील साठा तेवढा होतो, कारण विचारले जात नाही. तेलाचा साठा असा थेट ४० केला असता, तर चार दिवसांनी पुरवठादाराचे बिल आल्यावर १० डब्यांची खरेदी एप्रिलच्या तारखेने चढली असती आणि संगणक ५० डबे दाखवू लागला असता. फळीवरचे डबे मात्र ४० च राहिले असते. म्हणजे मोजणीनेच नवी तफावत निर्माण केली असती, आणि खानावळीची उधारी कायमची बुडाली असती. आधी राहिलेले कागद चढवायचे, चुकलेल्या नोंदी सुधारायच्या आणि त्यानंतरही जो फरक उरेल तेवढाच साठ्याच्या समायोजनात टाकायचा, हा क्रम त्यासाठी पाळतात. समायोजनावर मोजणाऱ्याची नव्हे, तर मालकाची किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीची सही लागते, कारण जो माल हाताळतो त्यालाच तो हिशेबातून काढण्याचा अधिकार असू नये.

कंपन्यांच्या बाबतीत हे पत्रक लेखापरीक्षकापुढेही जाते. साठा महत्त्वाच्या रकमेचा असेल तर लेखापरीक्षकाने मोजणीला उपस्थित राहावे, अशी अपेक्षा लेखापरीक्षणाचे मानक ५०१ करते. तो फळीवरचा माल निवडून पत्रकात शोधतो आणि पत्रकातली ओळ निवडून फळीवर शोधतो. पहिल्या तपासणीत लिहायचा राहिलेला माल सापडतो, दुसरीत नसलेला माल लिहिला गेला असेल तर उघड होते. ज्या कंपन्यांना २०२० चा लेखापरीक्षकाच्या अहवालाविषयीचा आदेश लागू आहे, त्यांच्या साठ्याच्या एखाद्या वर्गात एकूण १० टक्के किंवा त्याहून अधिक तफावत आढळली का आणि तिची हिशेबात योग्य नोंद झाली का, हे अहवालात सांगावे लागते.

पत्रकाच्या मर्यादा

ज्या ओळीत तफावत शून्य आहे ती बरोबरच आहे, असे पत्रक सिद्ध करत नाही. तेलाच्या बाबतीत दहाऐवजी चारच डबे नोंदायचे राहिले असते, तर बिल न झालेल्या चार डब्यांशी ते कटले असते. ३४ समोर ३४ दिसले असते आणि कोणी ती ओळ उघडली नसती. म्हणून महाग आणि जलद विकल्या जाणाऱ्या मालाच्या काही शून्य तफावतीच्या ओळीही निवडून शेवटच्या चलनांशी ताडून पाहतात.

तूट केव्हा झाली हेही पत्रक सांगत नाही. मागची मोजणी वर्षापूर्वीची असेल, तर ब्लेडची सात पाकिटे त्या वर्षातल्या कोणत्याही दिवशी गेलेली असू शकतात, आणि एवढ्या काळातली बिले, चिठ्ठ्या, पाळ्या तपासणे जवळपास अशक्य होते. या अडचणीवर उपाय म्हणून सगळा माल एकदाच न मोजता फिरती मोजणी करतात : थोड्या पण महाग वस्तू दर आठवड्याला, मधल्या मालाची मोजणी दर तिमाहीत, उरलेल्याची वर्षातून एकदा. मोजण्यांतले अंतर कमी झाले की तपासायचे कागद कमी होतात.

मालाच्या किमतीबद्दलही पत्रक मौन बाळगते. १५६ बिस्किटांचे पुडे मोजले गेले, पण त्यांतल्या किती पुड्यांची मुदत पुढच्या पंधरवड्यात संपते हे संख्येत दिसत नाही. ताळेबंदात साठा खरेदीची किंमत किंवा विकून हाती येणारी निव्वळ किंमत, यांपैकी जी कमी असेल तिने धरतात. त्यासाठी मोजतानाच मुदतीची तारीख, फाटलेले वेष्टन, कीड किंवा ओल यांची नोंद घ्यायला पत्रकात एक रकाना ठेवावा लागतो. मोजणारी जोडी त्या मालासमोर उभी असते तेव्हाच तो भरता येतो.